मळ्यातल्या सुनेचं नाटक

ललिताच्या जिभेला हाड नाही, असं मखमलाबादच्या बाजूच्या मळ्यांमध्ये सगळे म्हणत. ललिता म्हणे, हाड कशाला हवं, धार आहे तेवढी पुरे.

अकरा वर्षं ती आशाताई, म्हणजे घरोघर जाणारी आरोग्य कार्यकर्ती, होती. पंचवटी ओलांडून पुढे जिथे शहराचे बंगले संपतात आणि झेंडू, शेवंती, कोथिंबीर, मेथी यांचे वाफे सुरू होतात, तो सगळा पट्टा तिच्याकडे होता. जुनी स्कूटी, डिकीत वजनकाटा, खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर. नवरा बहिरू सातपूरला एका वर्कशॉपमध्ये टर्नर. तो दिवसभर लोखंडाशी बोलायचा आणि घरी आल्यावर कुणाशीच बोलायचा नाही. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं ललिताच्या वाट्याला आलं होतं, आणि ती ते पुरेपूर वापरत होती.

माणसांबद्दल तिचं मत फार काही बरं नव्हतं. बायकोला पाळी कधी आली हे विचारलं की पुढे होऊन स्वतःच उत्तर देणारे नवरे तिला बैलांच्या खालचे वाटत. "बैलाला निदान गाईचं सांगता येत नाही हे कळतं," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणे. गोळ्या घेतल्या का विचारलं की "हो हो" म्हणून डबा कपाटावर लपवणाऱ्या सुना तिला मूर्ख वाटत. प्रशिक्षणात भिंतीवर चित्रं दाखवून "समुदायाशी संवाद साधा" म्हणणारे साहेब तिला सगळ्यात खालचे वाटत, कारण त्यांनी आयुष्यात एकदाही चिखलातून मळ्यातलं घर शोधलेलं नव्हतं. तरी ती काम चोख करायची. तिच्या पट्ट्यात बाळंतपण घरी झालं नव्हतं, गेल्या सहा वर्षांत एकही. हे ती कुणालाही, न विचारता, सांगायची.

मोतीराम आणि बायडाबाईंचं घर त्या पट्ट्याच्या टोकाला होतं. अडीच एकर फुलं. झेंडू बारमाही, शेवंती हंगामाला. मोतीराम पहाटेच गाडी भरून फुलबाजाराला जायचे आणि दुपारी परत येऊन झोपायचे. मधल्या वेळात ते बोलत नसत, असं नाही. बायडाबाई त्यांना बोलू देत नसत. मुलगा रविराज अंबडला एका कारखान्यात शिफ्टला होता. त्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सून चैताली सिन्नरची. बारावी झालेली, सडपातळ, कमी बोलणारी. लग्नात आलेल्या बायांनी "पोरगी हवेनं उडेल" असं म्हटलं होतं. बायडाबाईंनी ते लक्षात ठेवलं होतं.

चैतालीला दिवस गेले तेव्हा नोंदणी करायला ललिताच घेऊन गेली होती. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी वजन केलं, एक्कावन्न किलो. कार्डावर लिहिलं. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या. सगळं यथासांग.

पुढच्या आठवड्यात ललिता घरी भेटीला गेली. चैताली ओट्यावर बसली होती. तिच्या समोर प्लास्टिकची बादली. पडवीत झेंडूचे ढीग, वासानं हवा जड झालेली.

"उलट्या होतात का?" ललितानं विचारलं.

"हो, ताई. सकाळपासून पाच झाल्या."

"होणारच. तिसऱ्या महिन्यानंतर थांबतील. सकाळी उठल्या उठल्या कोरडा टोस्ट खा, थोडं थोडं खा, तेलकट नको."

"टोस्ट राहत नाही, ताई. पाणीसुद्धा..."

आणि इथे ललितानं तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर तिला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिली. ललिताला दोन मुलं झाली होती. दोन्ही वेळेला एक उलटी नाही. आठव्या महिन्यात ती डोक्यावर पाण्याच्या दोन कळशा आणत होती. तिच्या मनात आलं, या आजकालच्या पोरी. बारावी झाल्या की पोटही नाजूक होतं.

बायडाबाई आतून म्हणाल्या, "ताई, सांगा जरा हिला. फुलांचा वास येतो म्हणते. फुलांचा! आमच्या घरची लक्ष्मी हाय ती. अशी तोंड फिरवून बसली तर कसं व्हायचं?"

"होतं मावशी, पहिलटकरणीचं नाटक थोडंफार असतंच," ललिता म्हणाली आणि हसली. बायडाबाईही हसल्या. चैताली हसली नाही. तिनं बादलीवर मान वाकवली.

ललितानं रजिस्टरमध्ये लिहिलं: मळमळ, उलट्या, सामान्य. काटा डिकीतच राहिला. त्या दिवशी तिला अजून चार घरं करायची होती.

अकरा दिवसांनी ती पुन्हा गेली. खरं तर जाण्याचं कारण चैताली नव्हतंच. शेजारच्या मळ्यात एका बाळाची लस राहिली होती. पण मोतीरामांच्या बांधावरून जाताना तिला पडवीच्या भिंतीत खिळा दिसला. खिळ्याला टांगलेली ग्लुकोजची बाटली, आणि बाटलीच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर चैताली.

ललितानं स्कूटी तिथेच आडवी लावली.

"हे काय?"

"डॉक्टर येऊन लावून गेले," बायडाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "घरी येऊन, बरं का. अशक्तपणा हाय म्हणले. ताकदीची बाटली."

कोपऱ्यावरचा तो डॉक्टर ललिताला माहीत होता. त्याच्या पाटीवर नावापुढे चार पदव्या होत्या आणि त्यांतली एकही कुणाला नीट वाचता येत नव्हती. तो तापाला बाटली लावायचा, थकव्याला बाटली लावायचा, जावई रुसला तरी कदाचित बाटलीच लावली असती. "किती बाटल्या झाल्या?"

"तिसरी. आणि एक टॉनिक दिलंय, लोहाचं. ते घेतलं की मात्र लगेच ओकते."

"लोहाचं? आत्ता?" ललितानं टॉनिकची बाटली हातात घेतली, बघितली आणि ज्या पद्धतीनं माणूस बुटाला लागलेला चिखल खाली टाकतो तशी खाली ठेवली. "दुसरा महिनाही धड संपला नाही हिचा. उलट्या होत असताना हे कुणी देतं का? लोखंड चाटायला दिलं असतं तरी परवडलं असतं."

मग ती खाटेजवळ बसली. आणि पहिल्यांदा चैतालीकडे नीट बघितलं.

डोळे आत गेले होते. ओठांवर सालपटं सुटली होती. चैतालीनं बोलायला तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज आला. श्वासाला एक विचित्र गोडसर वास, जास्त पिकलेल्या, उतरायला लागलेल्या फळासारखा. ललितानं तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, मग सावकाश खाली गेली, जशी म्हाताऱ्या माणसाची जाते. चैताली बावीस वर्षांची होती.

"लघवी कधी झाली शेवटची?"

"काल," चैताली म्हणाली. इतक्या हळू की ललिताला वाकावं लागलं. "काल संध्याकाळी. थोडीशी. चहासारखी."

"पाणीच पीत नाय तर होणार कुठनं?" बायडाबाई दारातून म्हणाल्या.

"पीत नाही असं नाही, मावशी. राहत नाही. फरक कळतो का?"

"आमच्या येळेला आम्हाला पण झाल्या उलट्या. वाफ्यात ओकायचं, तोंड पुसायचं, परत खुडायला लागायचं. कुणी बाटल्या नाय लावल्या. मी हिला लिंबू दिलं, आवळासुपारी दिली, गंगेवरच्या देवळातनं अंगारा आणून लावला. कशानं गुण नाय. मग मला सांगा, खरं आजारपण असतं तर कशानं तरी गुण आला असता का नाय?"

हा प्रश्न बायडाबाईंनी एवढ्या विजयी मुद्रेनं विचारला की ललिताला क्षणभर त्यांचं कौतुकच वाटलं. इतका मोठा मूर्खपणा इतक्या सरळ रेषेत मांडणं सोपं नव्हे.

ललिता उठून स्कूटीकडे गेली आणि काटा आणला.

चैतालीला उभं करायला दोघींना दोन बाजूंनी धरावं लागलं. उभी राहताच तिचे डोळे फिरले. "अंधारी येते," ती म्हणाली. काट्यावर ती चार सेकंद उभी राहिली. साडेशेहेचाळीस.

ललितानं कार्ड उघडलं. एक्कावन्न. तिनं मनात हिशेब केला. प्रशिक्षणात त्या चित्रं दाखवणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं, गरोदरपणात शंभराला पाच किलो या हिशेबानं वजन उतरलं तर ती साधी मळमळ राहिली नाही. तेव्हा ललिता मागच्या बाकावर बसून शेंगा खात होती. शंभराला पाच, म्हणजे एक्कावन्नाला अडीच. इथे साडेचार गेले होते.

नाडी बोटाखाली पळत होती. घड्याळ धरून मोजली. एकशे अठरा.

"रविराज कुठे आहे?"

रविराज आतच होता. रात्रपाळी करून आलेला, मोबाईल हातात. तो बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, मी वाचलं सगळं. ऐंशी टक्के बायकांना उलट्या होतातच. नॉर्मल असतं. उलट चांगलं लक्षण असतं, म्हणजे बाळ नीट आहे."

"वाचलंस?"

"हो."

"मग त्यात हेही वाचलंस का, की बायको दिवसातून पंधरा वेळा ओकायला लागली, पाण्याचा घोट टिकेना, लघवी दिवसभर होईना, उभं राहिल्यावर अंधारी यायला लागली, की मोबाईल खिशात ठेवून तिला उचलायचं असतं? की तेवढं पान उघडलं नाही?"

"पंधरा वेळा नाही होत..."

"होतात," खाटेवरून चैताली म्हणाली. "तुम्ही झोपलेले असता."

मोतीराम मागच्या दारात उभे होते. ते कधी आले हे कुणाला कळलं नव्हतं.

"दवाखान्यात न्यायचं आहे. आत्ता," ललिता म्हणाली. "भरती करायला लागेल."

"भरती?" बायडाबाईंचा आवाज चढला. "उलटीला भरती? लोक काय म्हणतील? तिकडे सिन्नरला तिच्या आईला कळलं तर म्हणतील आम्ही उपाशी ठेवलं पोरीला!"

"अकरा दिवस पोटात काही टिकलं नाही. उपाशीच राहिली की ती. तुमच्यामुळे नाही, पण तुमच्या पडवीत."

"मी गाडी काढतो," मोतीराम म्हणाले. त्या घरात त्यांनी स्वतःहून काढलेलं ते त्या महिन्यातलं बहुधा पहिलंच वाक्य.

"नको दादा," ललिता म्हणाली, या वेळी जरा मऊपणानं. "तुमच्या गाडीत झेंडूचा वास मुरलेला आहे. ती बसल्या बसल्या ओकेल. मी रिक्षा बोलावते."

रविराज मोटरसायकलची किल्ली शोधायला लागला होता. ललितानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अंधारी येणाऱ्या बाईला मागे बसवून नेणार आहेस का? पुढे जाऊन केसपेपर काढ. तेवढं जमेल."

जाताना तिनं स्वतःच बाटलीची सुई काढली आणि टोचलेल्या जागी कापूस दाबून धरला. बाटली खिळ्यालाच राहिली.

महापालिकेच्या प्रसूतिगृहात डॉक्टर मंजुषा होत्या. चाळिशीच्या, सदा घाईत, पण पेशंटसमोर बसल्या की घाई बाजूला ठेवणाऱ्या. ललिताला डॉक्टरांतल्या ज्या दोन-तीन जणी माणूस वाटत, त्यांतल्या त्या एक.

त्यांनी प्रश्न विचारले. ताप आहे का, पोटात दुखतं का, लघवीला जळजळ होते का, रक्त गेलं का. सगळ्याला चैतालीनं मान हलवून नाही म्हटलं. लघवीचा नमुना घ्यायला पाऊण तास लागला. जेवढी आली तेवढी, डबीच्या तळाशी, गडद तपकिरी. नर्सनं त्यात पट्टी बुडवली. पट्टीवरचा एक चौकोन जांभळा झाला, गडद, जांभळासारखाच.

"केटोन," डॉक्टर म्हणाल्या. "पोटात काही जात नाही म्हणून शरीर स्वतःची चरबी जाळतंय. तोंडाला वास त्याचाच. ही साधी सकाळची मळमळ नाही, ललिताताई. हा आजार आहे. शंभरात एक-दोघींना होतो. भरती करू."

ललितानं बाटल्यांचं सांगितलं. तीन बाटल्या, नुसतं ग्लुकोज. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या.

"बी-वन दिलं होतं आधी?"

"ताई, त्याला ए-बी-सी-डी येत असती तर पाटीवर नीट लिहिली असती त्यानं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "इतके दिवस उपाशी असलेल्या बाईला नुसतं ग्लुकोज ओतलं तर शरीरात उरलंसुरलं बी-वन तेवढ्यात संपतं. मग मेंदूला इजा होऊ शकते. डोळे, चाल, स्मरण." त्या चैतालीकडे वळल्या. तिच्या डोळ्यांसमोर बोट इकडून तिकडे फिरवलं, एकाचे दोन दिसतात का विचारलं, तारीख विचारली, गावाचं नाव विचारलं. चैतालीनं सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "नशीब. आधी बी-वनचं इंजेक्शन. मग सलाईन. ग्लुकोज आज अजिबात नको."

सलाईन लागलं. उलटी थांबवण्याचं इंजेक्शन लागलं. रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला, पोटॅशियम कमी. ते सलाईनमधून हळूहळू द्यायला सांगितलं. नर्सनं बाटलीवर पट्टी चिकटवली आणि थेंब मोजून सोडले. सोनोग्राफीत एकच गर्भ दिसला, ठोके नीट. जुळं असलं किंवा गर्भाऐवजी द्राक्षाच्या घडासारखी गाठ वाढली तरी अशा उलट्या होतात, म्हणून बघायचं असतं, असं डॉक्टरांनी रविराजला सांगितलं. रविराजनं ते मोबाईलवर बघायला सुरुवात केली आणि ललितानं त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

मग डॉक्टरांनी ललिताला बाजूला बोलावलं. "तुमची शेवटची भेट कधी?"

"अकरा दिवसांपूर्वी."

"तेव्हा वजन किती होतं?"

ललिताला खोटं सांगता आलं असतं. कुणी तपासलं नसतं. मळ्यांत रजिस्टरं भरणाऱ्या बाया कितीतरी आकडे अंदाजानं टाकतात आणि त्यांच्याबद्दल ललिताचं मत सगळ्यांना माहीत होतं.

"केलं नाही," ती म्हणाली. "नाटक करते असं वाटलं मला. तिच्या सासूसमोर म्हटलं मी तसं. आणि लिहिलं, सामान्य."

डॉक्टर मंजुषांनी आजचा आकडा कार्डावरून केसपेपरवर उतरवला. "आज केलंत ना."

"आज केलं. अकरा दिवस उशिरा."

एवढं बोलून ती तिथून निघाली. क्षमा मागण्याची तिला सवय नव्हती, आणि कुणी क्षमा केलेली ऐकण्याची तर त्याहून नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली तेव्हा चैताली उशाला टेकून बसली होती. ओठ ओले होते. रात्रीतून तिनं चार वेळा लघवी केली होती आणि नर्सनं ती प्रत्येक वेळी मापून कागदावर लिहिली होती. उलट्या होत्याच, पण चार-पाच तासांनी एक. बायडाबाई स्टुलावर बसल्या होत्या, पदराखाली हात. त्यांनी घरून वरण-भाताचा डबा आणला होता आणि नर्सनं तो परत पाठवला होता. त्या या गोष्टीवर अजून रागावलेल्या होत्या. थोड्या वेळानं त्या चहा प्यायला बाहेर गेल्या.

"ताई," चैताली म्हणाली. "एक विचारू?"

"विचार."

"मला वाटायचं... रोज वाटायचं, की हे सगळं थांबावं. म्हणजे बाळच नसावं. बादलीवर वाकलं की वाटायचं. मग वाटायचं आपण किती वाईट आहोत. देवानं म्हणूनच..." ती थांबली. "हे पाप आहे ना?"

ललिताकडे सगळ्या प्रश्नांना उत्तर असायचं, आणि उत्तराला धार. इथे ती धार चालणार नव्हती. ती खिडकीशी गेली. बाहेर रिक्षावाले भांडत होते. तिनं खिडकी लावून घेतली. मग परत येऊन खाटेच्या कडेला बसली.

"पाप नाही. दिवसरात्र ओकणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार? डॉक्टरांना सांग हे. त्या विचारतील. लपवू नकोस."

"आईंना नाही सांगणार ना तुम्ही?"

"मी? तुझ्या सासूनं वेळ विचारली तरी मी सांगत नाही." मग दुसरीकडे बघत, "आणि तू नाटक करतेस असं मी म्हटलं होतं. ते चुकलं माझं."

चैतालीनं हात पुढे करून सलाईनची नळी ललिताच्या पदरात अडकली होती ती सोडवली.

डॉक्टर मंजुषांनी संध्याकाळी विचारलंच, आणि चैतालीनं सांगितलं. डॉक्टर खाटेवर बसून अर्धा तास तिच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते ललिताला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी लघवीची पट्टी स्वच्छ आली आणि चैतालीच्या पोटात ताक टिकलं. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोपताना दोन, सकाळी एक, दुपारी एक. मग सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं. एका वेळी दोन घोट, पण सतत. जे राहील ते खायचं, पौष्टिक वगैरे नंतर बघू. लोहाचं टॉनिक सध्या बंद. लघवी आठ तास झाली नाही, किंवा दिवसभर काहीच टिकलं नाही, तर वाट न बघता परत यायचं.

"आणि फुलं?" मोतीरामांनी विचारलं.

"वास सहन होत नसेल तर तिला त्यापासून लांब ठेवा."

बायडाबाईंनी तोंड उघडलं. मोतीराम म्हणाले, "मी फुलं मागच्या शेडमध्ये नेतो." बायडाबाईंनी तोंड मिटलं. ललितानं हे दृश्य लक्षात ठेवलं. अशी दृश्यं वारंवार मिळत नाहीत.

पुढचं काही सरळ गेलं नाही. बाराव्या आठवड्यात पुन्हा दोन दिवस भरती करावी लागली. बायडाबाईंनी मधल्या काळात एकदा कुठून तरी आणलेला काढा पाजला होता आणि नाकारला होता, मग कबूल केला होता. ललिता आठवड्यातून दोनदा जायची, काटा घेऊन, आणि बायडाबाईंच्या डोळ्यांदेखत वजन करायची, मोठ्यानं आकडा म्हणून. सत्तेचाळीस. साडेसत्तेचाळीस. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. विसाव्या आठवड्यापर्यंत उलट्या पुष्कळ कमी झाल्या, पण पूर्ण थांबल्या नाहीत. फोडणीचा वास शेवटपर्यंत चालला नाही. रविराज भाजी शिकला. त्याची भाजी इतकी वाईट होती की बायडाबाईही ती खाऊन गप्प बसत, आणि ललिताच्या मते हेच त्या घरातलं सगळ्यात मोठं सुधारणेचं लक्षण होतं.

त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे ललिता एकदा गेली. त्याच्या दवाखान्यात बाकावर पाच माणसं बसली होती. ती त्या सगळ्यांसमोर म्हणाली, "डॉक्टर, गरोदर बाईच्या उलट्यांना ग्लुकोज लावता तेव्हा बी-वन आधी का द्यायचं असतं ते सांगा जरा." त्यानं काहीतरी पुटपुटलं. "बघा, सांगता येत नाही," ललिता बाकावरच्या माणसांना म्हणाली आणि बाहेर पडली. मग तिनं हे सगळं कागदावर लिहून वैद्यकीय अधिकाऱ्याकडे दिलं. काय झालं ते तिला कळवलं गेलं नाही, आणि तिला ते अपेक्षितही नव्हतं. पण मळ्यांतल्या दोन गरोदर बाया त्यानंतर त्याच्याकडे न जाता तिला फोन करू लागल्या, एवढं मात्र झालं.

मुलगी झाली. दोन किलो सातशे. नाव निकिता. बायडाबाईंनी फुलबाजारात पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की सुनेला पहिल्या महिन्यांत फार त्रास झाला, दवाखान्यात नेऊन नेऊन आम्ही दमलो. ललिता तेव्हा तिथेच होती. तिनं पेढा घेतला आणि गिळताना चेहरा असा केला की पेढेवाल्याला वाटलं माल आंबला आहे.

निकिता दीड वर्षाची झाली तेव्हा ललिता तिच्या लसीचं सांगायला त्या घरी गेली. बायडाबाई ओट्यावर शेवंतीच्या जुड्या बांधत होत्या.

"आता एक नातू झाला की सुटलो, ताई. दुसऱ्या खेपेला एवढं होत नाय म्हणतात. पहिलीला असतं फक्त."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

चैताली निकिताला मांडीवर धरून बसली होती. ती आता भरली होती, गालांवर रंग होता, केस पाठीमागे घट्ट बांधलेले. तिनं सासूकडे नाही, ललिताकडे बघितलं. "परत होतं का, ताई? खरं सांगा."

ललितानं लसीच्या तारखेची नोंद संपवली आणि पेन टोपणात घातला. "पुष्कळ जणींना परत होतं. सगळ्यांना नाही. काहींना कमी होतं. आधीपासून गोळ्या सुरू केल्या तर सोसेल असं राहतं. पण होणारच नाही असं कुणी सांगत असेल, तर त्याला सांगू दे, तू ऐकू नकोस."

बायडाबाईंच्या हातातली जुडी थांबली.

"मग मला तांबी बसवायची आहे," चैताली म्हणाली. "आत्ता तरी. पुढचं पुढे बघू. यांना सांगितलंय मी. ते हो म्हणाले."

"त्याला काय विचारायचंय," बायडाबाई म्हणाल्या, पण आवाज पूर्वीसारखा चढला नाही. "पोटात तर तुझ्या होतं."

ललितानं मान वर करून त्या बाईकडे बघितलं. इतकी वर्षं ओळखत होती तिला. तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं शहाण्यासारखं वाक्य होतं, आणि ते बहुधा चुकून निघालं होतं. तरी ललितानं ते मोजलं.

"गुरुवारी चल," ती चैतालीला म्हणाली. "दहाला. मी येते घ्यायला. रिकाम्या पोटी यायची गरज नाही, पोटभर जेवून ये."